डब्याच्या गाडीवर काय लिहायचं आणि किती मोठं

प्रश्न : "पुण्यात आमची टिफिन सर्विस आहे, रोज साधारण १२० डबे जातात. सेकंडहँड तीनचाकी टेम्पो घेतलाय, मागे बंद पत्र्याचा बॉक्स आहे. त्यावर नाव, थाळीचा फोटो, मेनू, दोन मोबाईल नंबर, इन्स्टा आणि क्यूआर टाकायचा विचार आहे. रेडियमवाला म्हणतो फुल रॅप करा, भारी दिसेल. पण गाडी चालती असताना लोकांना वाचता येईल का? मिस्टरांची रिक्षा आहे, तिच्यावर पण लावू का?"

ताई, रेडियमवाला खोटं बोलत नाहीये, फुल रॅप म्हणजे अख्ख्या बॉक्सवर छापील स्टिकर, ते भारीच दिसतं. दुकानासमोर गाडी उभी असते, आपण दहा फुटांवर चहा पीत उभे असतो, आणि काय लिहिलंय ते आपल्याला आधीच पाठ असतं, त्यामुळे सगळं वाचता येतं. मी १७ वर्षं हेच काम करतोय, आधी ब्रशने ट्रक रंगवायचो, आता अक्षरं कापायचं मशीन, प्लॉटर आहे, आणि माझ्या सुरुवातीच्या कितीतरी गाड्या अशाच होत्या, उभ्या असताना सुंदर आणि रस्त्यावर गेल्या की नुसता रंगीत डाग.

तुमची खरी अडचण डिझाइनची नाहीच, वेळेची आहे. बघणाऱ्याला किती सेकंद मिळतात ते आधी धरायचं आणि मग तेवढ्या सेकंदात बसेल तेवढंच लिहायचं. आता हे तुमचा रूट कसा आहे त्यावर थोडं अवलंबून आहे, गाडी सोसायट्यांच्या गल्ल्यांतून फिरते की कर्वे रोडसारख्या मोठ्या रस्त्यावरून जाते, डबे दिवसा जातात की रात्रीचे पण असतात. पण हिशोब सगळीकडे एकच, तो सांगतो.

समजा एक बाई फुटपाथवर उभ्या आहेत आणि तुमचा टेम्पो त्यांच्यापासून साधारण चार मीटरवरून ३० च्या स्पीडने जातोय. ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या थोडं वर. गाडीची बाजू आपल्याला वाचता कधी येते, तर ती जवळजवळ समोर आल्यावर. लांबून येत असताना बाजू तिरकी दिसते, अक्षरं एकमेकांना चिकटतात. समोर यायच्या आधी चार मीटर आणि पुढे गेल्यावर चार मीटर, एवढाच काय तो नीट दिसायचा पट्टा. म्हणजे आठ मीटर. म्हणजे एक सेकंद. अगदी थोडं तिरकं पण वाचता आलं असं धरलं तरी दीड-पावणेदोन सेकंदाच्या पुढे जात नाही. आणि त्या सेकंदात बाईंना आधी मान वळवायचीय.

एका सेकंदात अनोळखी माणूस दोन शब्द वाचतो, ओळखीचे असतील तर तीन. मेनू नाही, इन्स्टा नाही, दहा आकडी नंबर तर नाहीच नाही.

इथे लोक म्हणतात मग अक्षर अजून मोठं करा की. बाजूच्या बाबतीत त्याने फार फरक पडत नाही, कारण तिथे अडचण अंतराची नाही, तिरकेपणाची आहे. अक्षर उंच केलं तरी तिरकं बघताना त्याची रुंदीच दबते. म्हणून बाजूला अक्षर रुंद हवं आणि दोन अक्षरांत मोकळी जागा हवी. आणि नेमकं उलटं होतं आपल्याकडे, मजकूर बसत नाही म्हणून ऑपरेटर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ धरतो आणि दोन्ही बाजूंनी दाबतो, अक्षर उंच आणि चिपाड होतं, उभ्या रेघा बारीक होतात. तुमच्यासमोर तो तसं करायला लागला तर हात धरा. मजकूर बसत नसेल तर शब्द काढायचा, अक्षर दाबायचं नाही.

आता शब्द कुठला. मराठीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि कोणी त्यावर बोलत नाही.

आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. रेडियमवाला तुम्हाला सांगतो "नऊ इंची अक्षर देतो", तेव्हा तो वरच्या वेलांटीच्या टोकापासून खालच्या उकाराच्या टोकापर्यंत मोजतो. मधलं खरं अक्षर, म्हणजे रेघेपासून खाली जे अंग असतं ते, वरखाली दोन्हीकडे चिन्हं असतील तर निम्म्याच्या आसपास येतं, पाच इंच वगैरे. पैसे नऊ इंचाचे आणि वाचायला पाच इंच. म्हणून माप ठरवताना त्याला सरळ विचारायचं, नुसता 'क' किंवा 'प' किती इंच होतोय?

समजा तुमच्या सर्विसचं नाव 'सुगृहिणी' आहे. उकार खाली, ऋकार खाली, दोन वेलांट्या वर. एवढ्याशा शब्दात चार चिन्हं आणि त्यातली प्रत्येक बारीक. आता त्याच्या शेजारी 'घरचा डबा' लिहून बघा. वर काही नाही, खाली काही नाही, नुसते काने. म्हणजे जेवढी पट्टी मिळेल तेवढी पूर्ण उंची अक्षराच्याच अंगाला मिळते. त्याच पट्टीत, त्याच पैशात अक्षर पावणेदोन पट होतं. शिवाय हे दोन शब्द कोणी वाचत नाही, नजर पडली की ओळखतात, दुकानाच्या पाटीवर 'चहा' आपण वाचतो का, नाही ना.

मग नाव टाकायचंच नाही का, टाकायचं, पण दुसऱ्या नंबरवर आणि लहान. अजून तुमचं नाव कोणाला माहीत नाही, त्यामुळे ते वाचूनही अर्थ लागत नाही, सुगृहिणी म्हणजे काय, मसाले विकता की पापड की महिला मंडळ? 'डबा' म्हटलं की विषय संपला. दोन-तीन वर्षांनी नाव झालं की उलटं करा. मला हे पटायला स्वतःलाच वेळ लागला कारण गिऱ्हाइकाचा जीव नावात असतो, मुलीचं नाव असतं, सासूबाईंचं असतं, आणि आपणच सांगायचं की ते लहान करा, जरा जड जातं.

आता फॉन्ट. जाड हवा पण पोटं भरलेला नको. 'ब' आणि 'व' मध्ये फरक काय, पोटातली ती एक तिरकी रेघ. फार जाड फॉन्ट घेतला की ती रेघ आणि पोट एकजीव होतं आणि लांबून 'डबा' चा 'डवा' होतो. 'घ' आणि 'ध' चं तेच, 'ध' च्या डोक्यावर रेघ तुटलेली असते आणि 'घ' ची सलग असते, तेवढ्यावरच ओळख. म्हणून अतिजाड नाही, त्याच्या एक पायरी खाली घ्यायचा. मी गाड्यांना बहुतेक वेळा मुक्ता वापरतो, फुकट मिळतो, पोटं मोकळी आहेत. सुलेखनवाला, ब्रशचा फटकारा असलेला फॉन्ट लग्नपत्रिकेला ठेवा. अजून एक, कटिंगची फाईल बनवताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे आकृतीसारखी, करून मागा आणि कटिंगच्या आधी स्वतः वाचून बघा, जुन्या कोरलमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला की वेलांटी भलत्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षर सुटतं, ऑपरेटरच्या लक्षात येतंच असं नाही.

आता तुमच्या बॉक्सवर हे बसवून बघू. तुम्ही माप दिलं नाहीये म्हणून मी बाजू सहा फूट लांब आणि चार फूट उंच धरतो, तीनचाकीला साधारण तेवढीच असते, तुमची टेप लावून बघा. सहा फूट म्हणजे ७२ इंच. दोन्ही टोकांना सहा-सात इंच मोकळे सोडले तर ५८-६० इंच राहतात. 'घरचा डबा' रुंद फॉन्टमध्ये, अक्षराचं अंग दहा इंच ठेवलं तर घ दहा, र सात, च दहा, काना चार, मधली जागा पाच, ड आठ, ब नऊ, काना चार. झाले ५७. म्हणजे एका ओळीत दहा इंची अक्षर आरामात.

दहा इंच म्हणजे किती लांबून? आमच्या धंद्यात एक ढोबळ माप आहे, एक इंच अक्षर पंचवीस-तीस फुटांवरून वाचता येतं. ते इंग्रजी अक्षराचं आणि उभं राहून वाचायचं. मराठी आणि चालती गाडी म्हटल्यावर मी ते सरळ पंधरा फुटांवर आणतो, आणि अंग मोजतो, वेलांटी नाही. दहा इंच म्हणजे दीडशे फूट, पंचेचाळीस मीटर. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस पण वाचेल. आणि तुमच्या मूळ यादीप्रमाणे नाव, मेनू, नंबर सगळं पाच ओळीत कोंबलं असतं, शेजारी थाळीचा फोटो, तर लांब ओळी उरलेल्या रुंदीत बसवायला ओळीला साडेतीन इंचच उंची, त्यात अंग दोन इंच, म्हणजे तीस फूट. रस्त्याच्या पलीकडून सुद्धा धड वाचता आलं नसतं.

थाळीच्या फोटोचं म्हणाल तर तो हलत्या गाडीवर तपकिरी डाग होतो, आमटी, भाजी, पोळी, सगळं एकाच रंगात जातं, वर उन्हाने लाल-पिवळी शाई आधी उडते आणि मग जेवण शिळं दिसायला लागतं. त्याऐवजी तीन पुडांच्या स्टीलच्या डब्याची नुसती आकृती टाका, एका रंगात, वरची कडी दिसेल अशी. ती लांबूनही ओळखू येते. शुद्ध शाकाहारी असाल तर चौकोनातला हिरवा ठिपका चांगला मोठा, तो वाचावा लागत नाही. क्यूआर गाडीवर नको, तो साधारण त्याच्या रुंदीच्या दहा पट अंतरावरून स्कॅन होतो, तीन मीटरवरून करायचा तर फूटभर मोठा हवा आणि गाडी उभी हवी. तो डब्याच्या पिशवीवर लावा, तिथे त्याला काम आहे. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर लावायचा तर दाराजवळ लहान अक्षरात, ज्याला बघायचाय तो जवळ येऊन बघेल.

डावी आणि उजवी बाजू सारखी करू नका, हे पण लोक करतात. आपण डावीकडून चालवतो त्यामुळे डावी बाजू फुटपाथला, दुकानांना, सोसायटीच्या गेटला दिसते, उजवी समोरून येणाऱ्यांना आणि ओव्हरटेक करणाऱ्यांना. समोरून येणारा पण ३० ने येतोय, म्हणजे दोघांचं मिळून सेकंदाला सोळा-सतरा मीटर, वेळ अजून निम्मा. आणि एक मजा आहे, गाडीच्या डाव्या बाजूकडे बघताना गाडीचं तोंड आपल्या डावीकडे असतं, म्हणजे पुढे जाताना ओळीचं पहिलं अक्षर आधी येतं, आपण वाचतो तसंच. उजव्या बाजूला तोंड उजवीकडे, म्हणजे ओळीचं शेवटचं टोक आधी समोर येतं. लांब ओळ असली की माणूस मधूनच पकडतो आणि सोडून देतो. म्हणून उजवीकडे फक्त 'घरचा डबा' आणि डब्याची आकृती, दुसरं काही नाही. डावीकडे खाली एक ओळ चालेल, तुमचं नाव आणि भाग, उदाहरणार्थ कोथरूड, कर्वेनगर. भाग लिहिणं कामाचं असतं, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येतो, आमच्याकडे देतात का?

खरी कमाई मात्र पाठीवर आहे. तुमच्या मागचा स्कूटरवाला पाच-सहा मीटरवर असतो आणि सिग्नलला मिनिटभर तुमच्या मागच्या दाराकडेच बघत असतो, त्याला दुसरं काम नसतं. नंबर तिथे. एकच नंबर. दोन नंबर दिले की कोणताच लक्षात राहत नाही. आणि आकडे इंग्रजी ठेवा, बाकी सगळं मराठी असलं तरी, कारण फोनवर दाबताना समोर तेच असतात आणि आपला १ आणि ९ लांबून एकसारखे दिसतात, नंबर चुकला की तो फोन दुसऱ्याच कोणाला तरी जातो.

तुमच्या बॉक्सला मागे दोन पल्ले असतील तर मधल्या फटीचा फायदा घ्या. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून म्हणतो आपण, तर डाव्या पल्ल्यावर पाच आणि उजव्या पल्ल्यावर पाच. फट बरोबर मधल्या जागेत पडते, कुठलाच आकडा चिरत नाही. चार फूट रुंदीत दहा आकडे साधारण सहा इंच उंचीचे बसतात. त्याच्या वर पुन्हा 'घरचा डबा'. खालचा एक फूट रिकामाच सोडा, तिथे चिखल आणि धूर बसतो, पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशीच काही दिसत नाही, शिवाय नंबर प्लेट आणि लाइटच्या आसपास काही लावायचंच नाही.

आता दाराची गोष्ट सांगतो, यात मी स्वतः तोंडावर पडलोय. एका गिऱ्हाइकाची सरकत्या दाराची व्हॅन होती, डब्यांचीच. मी मागच्या पॅनलवर नाव आणि नंबर मस्त टाकला, पैसे घेतले, फोटो काढले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन, अहो दार उघडलं की नंबर जातो. ते दार मागे सरकून बाहेरून त्याच पॅनलवर येतं. म्हणजे गाडी गेटसमोर उभी असताना, डबे उतरवताना, आजूबाजूला बायका-वॉचमन उभे असताना, जेव्हा निवांत वाचायला वेळ असतो नेमका तेव्हाच नंबर झाकलेला. स्वतःच्या खर्चाने परत करून दिलं. त्यानंतर कुठलीही गाडी आली की मी आधी सगळी दारं उघडून फोटो काढतो, मग बंद करून. तुमचे मागचे पल्ले उघडून बाजूला दुमडले जात असतील तर ते बाजूचं 'घ' किंवा 'बा' खातील का बघा, आणि पल्ल्यांच्या आतल्या बाजूला पण नंबर लावा, डबे काढताना तीच बाजू लोकांकडे असते.

रंग सोपा आहे, गडदावर फिकं किंवा फिक्यावर गडद, मधलं काही नाही. तुमचा बॉक्स पांढरा असेल तर गडद निळं किंवा गडद मरून अक्षर, पिवळा असेल तर काळं. हिरव्यावर लाल अजिबात नको, रंग वेगळे पण गडदपणा सारखा, त्यामुळे लांबून अक्षर पार्श्वभूमीत बुडतं. शंका असेल तर डिझाइनचा फोटो फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, तिथे वाचता आलं तर बाहेर वाचता येईल. रात्रीचे डबे असतील तर लाल अक्षराचा अजून एक वांधा आहे, संध्याकाळी उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला लाल आधी काळपट दिसायला लागतो. दुपारी उठून दिसणारा लाल सातनंतर मेलेला असतो. कोणी चमकणारं रेडियम सुचवेल, ते थोडं चालतं, पण मागे पांढरं चमकणारं आणि पुढे लाल चमकणारं लावू नका, अंधारात मागून येणाऱ्याला लाल म्हणजे पाठ आणि पांढरं म्हणजे तोंड एवढंच कळत असतं.

फुल रॅपबद्दल. भारी दिसतं पण तुमच्या टेम्पोचा रंगच त्याने बदलतो, आणि रंग आरसीवर लिहिलेला असतो. गाडी आणि आरसी जुळत नसेल तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर पासिंगला अडतं. मूळ रंग तसाच ठेवून वर कट केलेली अक्षरं लावली तर ही कटकट नाही आणि पैसेही बरेच कमी लागतात, कारण व्हिनाइल, म्हणजे रेडियमचा तो चिकट प्लास्टिक कागद, फक्त अक्षरापुरतं जातं. काचांवर तर काहीच नको, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काचेवरच्या फिल्मबद्दल आदेश दिलाय तेव्हापासून पोलीस तेच आधी बघतात.

सेकंडहँड आहे म्हणून एक काम आधी करा. बॉक्सवर बोट घासा. पांढरी पूड बोटाला लागली तर रंग मेलाय, त्यावर कितीही महागाचं व्हिनाइल लावा, ते पत्र्याला नाही, पुडीला चिकटतं, आणि पहिल्या पावसात कडा उचलतात. आधी बॉक्सला रंग मारून घ्या, तोच रंग, आठ-दहा दिवस चांगला वाळू द्या, मग लावा. पत्रा सपाट असेल तर साधं लॅमिनेशनवालं व्हिनाइल पुरतं, पन्हाळी पत्रा असेल किंवा रिव्हेट फार असतील तर कास्ट व्हिनाइल मागा, महाग पडतं, पण साधं व्हिनाइल खाचेत ताणून बसवलं की ते परत आखडतं आणि खाचेवर तंबूसारखं उभं राहतं. पन्हाळी पत्र्यावर चांगला पेंटर मिळाला तर मी खरं म्हणजे त्यालाच द्या म्हणेन. माझ्या पोटावर पाय येतो पण खरं आहे ते.

मिस्टरांची रिक्षा. ती पॅसेंजर परमिटची असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तिच्यातून धंद्याचे डबे पोचवायचे असतील तर परमिटचा प्रश्न येतो, ती माणसं न्यायला दिलेली आहे. आणि नुसती जाहिरात लावायची तरी आधी आरटीओत विचारून परवानगी घ्या, काळा-पिवळा रंग झाकायचा नाही. परवानगी मिळाली तर जागा एकच, हुडाची पाठ. तिथे व्हिनाइल चिकटवू नका, रेक्झिन सतत हलतं, दुमडतं, गोंद धरत नाही, महिन्यात सुरकुत्या पडतात. हुडवाल्याकडून रेक्झिनवरच रंगवून किंवा छापून, शिवून घ्या, मागची पारदर्शक खिडकी मोकळी ठेवून. काळ्या हुडावर पिवळं 'घरचा डबा' आणि खाली नंबर. रिक्षा सिग्नलला फार उभी असते, त्या मानाने ती जागा टेम्पोच्या बाजूंपेक्षा चांगली आहे.

ऑर्डर द्यायच्या आधी दोन परीक्षा करा, दोन्ही फुकट आहेत. पहिली फोनवर. गाडीचा बाजूने फोटो काढा, त्यावर डिझाइन बसवून घ्या, मग फोटो एवढा लहान करा की सहा फुटांचा बॉक्स स्क्रीनवर साडेपाच सेंटिमीटर दिसेल, पट्टी लावून मोजा. फोन हात पूर्ण लांब करून धरा. वीस मीटरवरून गाडी तेवढीच दिसते. आता फोन पालथा करा, एक सेकंद सुलटा करून कोणाला तरी दाखवा, परत पालथा. काय लिहिलं होतं विचारा. घरातल्यांना नको, त्यांना पाठ आहे, शेजारच्यांना, वॉचमनला.

दुसरी रस्त्यावर. साध्या कागदावर अक्षरं खऱ्या मापात काढा, ए-फोर कागद जोडून होतात, सेलोटेपने बॉक्सवर चिकटवा आणि मिस्टरांना म्हणा गल्लीतून ३० ने दोन फेऱ्या मारा. तुम्ही शेजारच्या कोणाला तरी घेऊन फुटपाथवर उभ्या राहा, एकदा दुपारी आणि एकदा सातनंतर. जिथे त्यांना वाचायला अडखळायला होईल तिथे अक्षर बदला, कागदच आहे.

म्हणजे थोडक्यात उजवीकडे दोन शब्द आणि आकृती, डावीकडे तेच आणि खाली नाव-भाग, मागे दोन शब्द आणि एक नंबर, पल्ल्यांच्या आत पुन्हा नंबर. लावून झालं की नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या फोनवरच विचारत जा नंबर कुठून मिळाला, वहीत नुसतं 'गा' लिहून ठेवा, दोन महिन्यांनी कळेल गाडीने किती डबे आणले.

आणि मागच्या दारांचा एक फोटो इथे टाका, पल्ले बंद असलेला आणि उघडे असलेला, दोन्ही. कडी आणि बिजागऱ्या कुठे आहेत ते बघितल्याशिवाय मी त्या सहा इंची आकड्यांबद्दल छातीठोक सांगणार नाही, बऱ्याच बॉक्सना कडी नेमकी मधोमध असते आणि तिचा दांडा दोन्ही पल्ल्यांवर आडवा जातो, तसं असेल तर नंबर तिच्या वर चार इंच सरकवावा लागेल.